दसऱ्याचा बोनस आणि वीस वर्षांचं कर्ज

प्रश्न : आम्ही वणी तालुक्यातले. निम्मं शेत खाणीत गेलं, त्याच्या बदल्यात मला खाणीत नोकरी लागली. उरलेल्या चार एकरांत बाबा कापूस लावतात. मागच्या वर्षी गावाजवळच एनए प्लॉटवर घर बांधलं. कर्ज १५ लाख, मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के, हप्ता १३,०१७. बारा हप्ते भरून झाले. दसऱ्याआधी बोनस मिळतो, हाती नव्वद हजारांच्या आसपास येतात. मला वाटतं, दर वर्षी सगळा बोनस कर्जात टाकावा. बाबा म्हणतात, "कर्ज काय पळून चाललं काय? जूनमध्ये बी-खताले पैसे लागतीन, तवा कोनाच्या दारात जाशीन?" बायको म्हणते, हाती काही ठेवा. मित्र म्हणतो, बँक व्याज आधीच काढून घेते, आणि कर्ज लवकर फेडलं तर टॅक्सची सूटही जाईल. बँकेतले साहेब म्हणतात, हप्ता कमी करून घ्या. आणि मनातून वाटतं, १५ लाखांपुढे एवढे पैसे म्हणजे दर्यात खसखस. काय करू?

— एक वाचक, वणी तालुका

उत्तर :

भाऊ, खसखशीपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे.

कर्जखात्याचं स्टेटमेंट काढा आणि गेल्या बारा महिन्यांची बेरीज मारा. तुम्ही भरले सुमारे १,५६,२०८ रुपये. त्यातलं व्याज गेलं सुमारे १,२६,३५४. मुद्दल कमी झालं फक्त २९,८५४. म्हणजे वर्षभर रात्रपाळ्या करून हप्ते भरलेत आणि १५ लाखांचे झाले १४,७०,१४६. आता बोनसमधले समजा ६० हजार त्याच खात्यात भरले, तर वर्षभराच्या हप्त्यांनी जेवढं मुद्दल हललं त्याच्या दुप्पट एका दिवसात हलेल. (नव्वद सोडून साठच का धरले ते पुढे सांगते.) तुमची रक्कम १५ लाखांशी ताडून पाहू नका. वर्षाला मुद्दल जेवढं उतरतं त्याच्याशी ताडून पाहा.

कर्ज मंजूर झालं तेव्हा बँकेने परतफेडीचं वेळापत्रक दिलं असेल. २४० ओळींचा कागद असतो तो, दर ओळीत हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल. तेराव्या ओळीवर बोट ठेवा. तिथे हप्ता १३,०१७, पण मुद्दलाच्या रकान्यात जेमतेम २,६०० रुपये. तिथून खाली फक्त मुद्दलाचा रकाना बेरजेत घेत जा. ६० हजार भरायला तुम्हाला जवळजवळ साडेएकवीस ओळी लागतील. आज ६० हजार भरले की त्या सगळ्या ओळींवर काट मारायची आणि पुढचा हप्ता चौतिसाव्या ओळीच्या आसपासून सुरू झाला असं समजायचं. काट मारलेल्या हप्त्यांची रक्कम होते सुमारे २ लाख ७९ हजार. तुम्ही दिलेत ६० हजार. उरलेले २ लाख १९ हजार हे त्या ओळींमधलं व्याज आहे, आणि ते आता कधीच भरायचं नाही.

हे एका बोनसचं झालं. ज्यांचा बोनस लहान आहे, कुणी जिनिंगमध्ये आहे, कुणी पतसंस्थेत, त्यांनीही हाच कागद घेऊन बसावं. याच कर्जात ६० च्या जागी ३० हजार भरले असते तरी ११ हप्ते उडाले असते.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. "बँक व्याज आधीच काढून घेते" हे मी बँकेच्या टेबलामागे बसून हजारदा ऐकलंय. चांगली शिकलेली माणसंही म्हणतात. पण बँक आगाऊ काहीच काढून घेत नाही. त्या महिन्यात जेवढं मुद्दल बाकी असेल तेवढ्यावरच व्याज लागतं. तेराव्या महिन्यात १४,७०,१४६ वर साडेआठ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं १०,४१४. हप्त्यातून ते गेलं की उरतं ते मुद्दलात. सुरुवातीला व्याज जास्त दिसतं कारण बाकी जास्त असते, दुसरं काही नाही.

म्हणून "पहिल्या दहा वर्षांतच भरावं, नंतर उपयोग नाही" हेही अर्धंच खरं. हेच ६० हजार तुम्ही दहाव्या वर्षाच्या शेवटी एकदाच भरले, तर सुमारे १० हप्ते उडतात आणि ७५ हजार व्याज वाचतं. पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले तर ७ हप्ते आणि सुमारे ३० हजार. दर तोच, साडेआठ टक्के. फक्त पैशाला काम करायला मिळालेली वर्षं कमी. उशीर झालेल्या वाचकांनी हात टेकायचं कारण नाही. फक्त तुमच्याएवढा मोठा आकडा त्यांनी मनात धरू नये.

तुम्ही दर वर्षी दसऱ्याला ६० हजार भरत राहिलात आणि हप्ता १३,०१७ च ठेवला, तर पाच बोनसनंतर बाकी असेल ९ लाख ६४ हजार. काहीच भरलं नसतं तर ती १३ लाख २२ हजार असती. दहा बोनसनंतर उरतील १ लाख ४५ हजार, आणि ते पुढच्या बारा हप्त्यांत संपतील. म्हणजे वीसऐवजी अकरा वर्षं. एकूण व्याज १६ लाख २४ हजारांवरून ८ लाख १४ हजारांवर येतं. दहा बोनसमधून दिले ६ लाख, वाचलं व्याज ८ लाख १० हजार.

इथे एक खडा टाकते. हे ८ लाख १० हजार कुणी तुमच्या हातात आणून देणार नाही. बाराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत दर महिन्याला जे १३,०१७ गेले असते ते जायचे थांबतील, त्यातून बोनसमधले ६ लाख वजा केले की उरते तीच ही बचत. तेव्हाचे १३ हजार आजच्या १३ हजारांएवढे जड नसतील हेही खरं. तरीही बँकेच्या मुदत ठेवीत आज साडेआठ टक्के मिळणं कठीण, आणि ठेवीच्या व्याजावर कर लागू शकतो. कर्जात भरलेल्या पैशाची "कमाई" मात्र ठरलेली आणि करमुक्त. शिवाय दर बदलता असेल तर आकडे वर-खाली होतील. दर चढला तर ही कमाईही चढते, हे फार लोक लक्षात घेत नाहीत.

मित्राच्या टॅक्सचं दोन ओळींत. नवीन करपद्धतीत असाल, तर स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, मग जाणार काय? जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत मिळते. पण शंभर रुपये व्याज भरून कर वाचतो तो स्लॅबप्रमाणे पाच, वीस, फार तर तीस रुपये. तेवढ्यासाठी कर्ज अंगावर ठेवणं मला तरी कळत नाही.

आता बँकेतले साहेब. त्यांनी वाईट सल्ला दिला असं मी म्हणणार नाही. ज्याची दर महिन्याला ओढाताण होते त्याच्यासाठी तो बरोबरच आहे. पण तुमचं तसं दिसत नाही. ६० हजार भरून मुदत तीच ठेवली आणि हप्ता कमी करून घेतला, तर हप्ता १३,०१७ वरून १२,४८६ होईल. महिन्याला ५३१ रुपये हलके. उरलेल्या १९ वर्षांत यातून निव्वळ वाचतात सुमारे ६१ हजार. मुदत कमी केली तर २ लाख १९ हजार. रक्कम तीच, दिवस तोच, फक्त अर्जातला एक शब्द वेगळा. फरक येतो तो त्या ५३१ रुपयांमुळे. ते पुन्हा कर्जात जातात की पेट्रोलमध्ये, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे.

म्हणून अर्ज तोंडी नको, लेखी द्या. मजकूर एवढाच : "सदर रक्कम मुद्दलात अंशतः मुदतपूर्व परतफेड म्हणून जमा करावी, मासिक हप्ता आहे तोच ठेवावा व मुदत कमी करावी, नवीन परतफेड वेळापत्रक द्यावे." दोन प्रती काढा, एकीवर शिक्का घ्या. आमच्या शाखेत एक शिक्षक दर मार्चला ५० हजार भरायचे. तीन वर्षं भरले. चौथ्या वर्षी विचारायला आले, "माझी मुदत किती राहिली?" खातं उघडलं तर मुदत जिथल्या तिथे, हप्ता मात्र तीनदा उतरलेला. अर्जात त्यांनी फक्त "कर्जखात्यात जमा करावे" एवढंच लिहिलं होतं आणि टेबलावरच्या माणसाने समोर आलेला पर्याय दाबला होता. तो माणूस म्हणजे मीच. मास्तरांनी मला काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून मी प्रत्येकाला अर्जाचा मजकूर स्वतः सांगते.

दुसरा घोटाळा होतो तो आगाऊ हप्त्यांचा. तुम्ही ६० हजार नुसते कर्जखात्यात ढकलले, तर कुठे ते पुढच्या हप्त्यांपोटी आलेले पैसे म्हणून धरले जातात. पुढचे काही महिने तुमच्या पगारातून हप्ता कटत नाही, तुम्ही खूश होता, आणि मुदत काही हलत नाही. म्हणून पैसे भरल्यावर पुढच्या महिन्यातही हप्ता कटला पाहिजे. नाही कटला तर लगेच शाखेत जा.

दंडाची भीती धरू नका. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला व्यक्तीकडून शुल्क घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१२ पासून आहे. तुमचा दर स्थिर असेल तर मात्र मंजुरीपत्र वाचून घ्या. काही ठिकाणी एका वेळी किमान किती भरायचे याचीही अट असते, तेही त्याच पत्रात सापडेल.

आता बाबा. मला वाटतं तुम्ही त्यांचं बोलणं जुन्या माणसाची कुरकुर म्हणून लिहिलंत. पण तुमच्या घरात व्याजाचा हिशेब त्यांनाच जास्त कळतो.

जूनमध्ये मिरगाच्या आसपास बियाणं आणि खत लागतं. पीककर्ज वेळेवर मिळालं तर ठीक. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत धरून ते बिनव्याजीच पडतं. म्हणून ते फेडायची घाई बोनसमधून करू नका, फक्त तारीख चुकवू नका. पण पीककर्ज अडकलं किंवा पुरलं नाही की माणूस जातो कृषी केंद्राच्या उधारीवर, नाहीतर शेकडा दोन रुपये महिन्याने पैसे देणाऱ्याकडे. महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस.

३० हजार रुपये घरकर्जात भरले तर पहिल्या महिन्यात व्याज वाचतं २१२ रुपये. तेच ३० हजार जूनमध्ये शेकडा दोनने उचलले तर महिन्याला जातात ६००. जूनपासून कापूस विकून पैसे हाती येईपर्यंत सात महिने धरले तर ४,२०० रुपये. आणि घरकर्जात भरलेले पैसे जूनमध्ये परत मागायला गेलात, तर बँक ते देत नाही. फार तर नवीन टॉप-अप कर्ज देईल, त्याचे कागद, त्याची फी, त्याचे दिवस वेगळे. तोवर पाऊस थांबत नाही. (काही बँकांत ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं घरकर्ज असतं, त्यात भरलेले जास्तीचे पैसे पुन्हा काढता येतात. तुमचं साधं मुदतकर्ज दिसतं. तसं बदलून मिळतं का ते विचारून पाहा, पण दर किती वाढतो तेही विचारा.)

म्हणून मी नव्वदातले साठच धरले. या दसऱ्याला ३० हजार बाबांच्या नावाने बाजूला ठेवा, खऱ्या अर्थाने त्यांच्या नावाने, त्यांच्याच खात्यात सहा-आठ महिन्यांच्या ठेवीत. सध्या कृषी केंद्राची जुनी उधारी अंगावर असेल, तर आधी ती फेडा, मग बाकीचं बोला. जूनमध्ये बाबा रोखीने बियाणं-खत घेतील. सीतादही होऊन वेचा घरात येईल, कापूस विकला जाईल, तेव्हा ते ३० हजार त्याच खात्यात परत पडले पाहिजेत. हे बाबांशी आधीच बोलून घ्या, कारण इथेच गाडी अडते. ते पैसे दर वर्षी परत आले तर हा गल्ला एकदाच भरायचा आहे. पाऊस दगा देईल त्या वर्षी परत येणार नाहीत. त्या वर्षी बोनसमधून पुन्हा भरा आणि कर्जात तेवढे कमी टाका, मनाला लावून घेऊ नका.

गल्ला परत भरला, तर दुसऱ्या वर्षी साठाच्या वरचे ३० हजार तुमच्या बायकोच्या हवाली करा, आणि तिसऱ्या वर्षीही. तिचं "हाती काही ठेवा" म्हणजे तुम्हाला बरं नसण्याचे दिवस आहेत. खाणीत बोनस हजेरीवर बसतो. दोन महिने अंथरुणाला खिळलात, नागपूर किंवा सावंगीला नेऊन ठेवावं लागलं, तर खर्च वाढतो आणि त्याच वर्षी बोनसही कापून येतो. घरात चार-पाच हप्त्यांएवढी रक्कम असली तर कर्जाचा हप्ता चुकत नाही. चौथ्या वर्षापासून सगळेच नव्वद कर्जात टाकलेत तर मी अडवणार नाही. पण बोनसचा आकडा दर वर्षी संघटना आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत ठरतो. तो हातात पडायच्या आधी त्याच्यावर बेत रचू नका, म्हणून सगळा हिशेब मी साठावर मांडला.

आता एवढंच. बँक व्याज रोजच्या बाकीवर मोजते. ६० हजार बचत खात्यात नुसते पडून राहिले तर दिवसाला सुमारे १४ रुपये घरकर्जाचं व्याज चालूच राहतं. बोनस दसऱ्याआधी पडतो आणि लोक दिवाळीनंतर बँकेत येतात. तुम्ही अर्ज आजच लिहून ठेवा. पैसे भरल्यावर स्टेटमेंट काढा. त्याच दिवशी बाकीच्या रकान्यात १४,७०,१४६ च्या जागी १४,१०,१४६ दिसलं पाहिजे, दोन-चार रुपयांचा फरक सोडा. पुढच्या महिन्याचं व्याज सव्वाचारशेच्या आसपास उतरलेलं दिसेल. पण ३० दिवसांच्या महिन्याची तुलना ३० दिवसांच्याच महिन्याशी करा, ३१ च्या महिन्यात आकडा मुळातच थोडा चढा असतो. बाकीचा आकडा उतरलेला नसेल, तर शिक्का मारलेली प्रत घेऊन शाखेत जा, आणि तरीही कुणी दाद दिली नाही तर ती प्रत सोबत जोडून मला पुन्हा लिहा.